चारशे नव्वद मायक्रॉनचा हिशेब

"मॅडम, मला स्माईलच करायचंय. ऑफिसात तिघींनी केलं, एकीलाही काही झालं नाही."

लालबागहून आलेली ही सव्वीस वर्षांची मुलगी. दोन्ही डोळ्यांना उणे सहा नंबर, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. सोबत तेवीस वर्षांचा धाकटा भाऊ, नंबर उणे चार. तो मंडळाच्या संघातून कबड्डी खेळतो. आई दोघांच्या मध्ये बसलेली. "जे काय असेल ते दोघांचं एकच करा, म्हणजे थेंबसुद्धा एकाच वेळी घालता येतील," हे तिचं म्हणणं.

मी दादरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशन सर्जन करतात, त्याआधीची मापं माझ्याकडे असतात. चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझरचे पीआरके, लॅसिक आणि स्माईल असे तीन प्रकार आज मुंबईत सर्रास होतात आणि लोक बहुतेकदा नाव ठरवूनच येतात. पण या दोघा भावंडांना एकच ऑपरेशन सुचवता येणार नव्हतं. ते का, हे त्यांच्याच मापांवरून सांगते.

आधी तिन्ही प्रकारांत डोळ्याचं नेमकं काय करतात ते बघू. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया, मराठीत पारपटल. मधोमध त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाचशे मायक्रॉनच्या आसपास. सगळ्यात वर पन्नास मायक्रॉनचा नाजूक पापुद्रा असतो. तो खरचटला तरी काही दिवसांत पुन्हा येतो. त्याच्याखाली कॉर्नियाचा खरा गाभा, तंतूंच्या शेकडो थरांचा. हा गाभा एकदा काढला की परत भरून येत नाही. उणे नंबर घालवायचा म्हणजे या गाभ्याचा मधला भाग थोडा कमी करून कॉर्निया चपटी करायची. तिन्ही ऑपरेशनांत हेच होतं. फरक आहे तो गाभ्यापर्यंत पोचायच्या वाटेत.

पहिली वाट सरळ वरून, ती पीआरके. वरचा पापुद्रा ब्रशने, पातळ अल्कोहोलने किंवा लेझरनेच काढतात आणि उघड्या पडलेल्या गाभ्यावर एक्सायमर लेझर मारतात. या लेझरचा एक ठोका जेमतेम पाव मायक्रॉन खरवडतो, आणि आजूबाजूचं काही भाजत नाही. (हा न भाजण्याचा गुण १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्कीच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर पाहिला होता. आमच्या धंद्यातली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट.) मग वर बँडेज लेन्स ठेवतात आणि पापुद्रा यायची वाट बघतात.

दुसरी वाट लॅसिकची. कॉर्नियात साधारण ११० मायक्रॉन खोलीवर आडवा काप घेतात आणि एका बाजूला बिजागरी ठेवून झाकण उचलतात. त्याला फ्लॅप म्हणतात. खालच्या गाभ्यावर तोच एक्सायमर चालवायचा आणि झाकण परत बसवायचं. वरचा पापुद्रा जवळपास शाबूत राहतो, त्यामुळे दुखणं काही तासांचं आणि दुसऱ्या दिवशी नजर बरीचशी लख्ख.

तिसरी वाट स्माईलची. यात एक्सायमर नाहीच. दुसरा एक लेझर, फेमटोसेकंद, कॉर्नियातून आरपार जातो आणि ठरलेल्या खोलीवर बारीक बुडबुडे सोडतो. त्या बुडबुड्यांच्या रेषेवर काप तयार होतो. आधी खालचा काप, मग वरचा, दोन्हींच्या मध्ये नंबराच्या मापाची चकती. शेवटी कडेला दोन ते चार मिलिमीटरची चीर. त्या चिरेतून सर्जन चकती दोन्ही बाजूंनी मोकळी करून चिमट्याने बाहेर ओढतात. लॅसिकच्या झाकणाची कड साधारण वीस मिलिमीटर कापलेली असते. ती वीस आणि ही दोन ते चार, एवढं लक्षात ठेवा. पुढे कबड्डीच्या वेळी लागेल.

आता ताईचा हिशेब.

पहिल्या भेटीत तो मांडताच आला नाही, कारण ती आदल्या रात्रीपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स घालत होती. लेन्समुळे कॉर्निया किंचित सुजते आणि तिचा आकारही बदलतो. त्या अवस्थेत नंबर खोटा येतो, जाडीही खोटी येते. मऊ लेन्स असेल तर आम्ही दोन आठवडे बंद ठेवायला सांगतो, कडक लेन्स असेल तर त्याहून जास्त. ती वैतागली, पण दोन आठवड्यांनी आली. तेव्हा मधली जाडी निघाली ४९० मायक्रॉन. कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा मात्र नियमित होता, पुढून आणि मागूनही.

किती गाभा जाणार याचा एक जुना साधा ठोकताळा आहे. लेझर ज्या वर्तुळात चालवायचा त्याच्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करायचा, त्याला नंबराने गुणायचं आणि तीनने भागायचं. ताईची बाहुली अंधारात सव्वासहा मिलिमीटरपर्यंत उघडते. वर्तुळ त्याहून लहान धरलं तर रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि ही बाई रात्री साडेनऊच्या लोकलने परतणारी. म्हणून वर्तुळ साडेसहाचं. साडेसहाचा वर्ग सव्वाबेचाळीस, गुणिले सहा, भागिले तीन. आले साधारण ८५ मायक्रॉन. प्रत्येक मशीनचा आकडा थोडा वेगळा असतो, पण अंदाजाला हे पुरतं.

लॅसिक केलं तर ११० चं झाकण आणि ८५ चं खरवडणं मिळून १९५. खाली उरतात २९५. खालचा भाग निदान २५० उरावा हा जुना दंडक, आणि बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला कुरकुरतात. दुसरा दंडक टक्क्यांचा: झाकण आणि खरवडणं मिळून एकूण जाडीच्या चाळीस टक्क्यांच्या आत असावं. इथे १९५ भागिले ४९०, म्हणजे जवळपास चाळीस. ताई बरोबर कुंपणावर.

स्माईलमध्ये चकतीच्या वरचा थर, म्हणजे टोपण, १२० मायक्रॉनचं ठेवतात. चकती ८५ ची पुरत नाही. ती फाटू नये म्हणून तळाला दहा-पंधरा मायक्रॉनची जादा जाडी ठेवावी लागते, आणि नंबर थोडा उरू नये म्हणून अनेक सर्जन आणखी थोडी वाढवतात. धरू ११०. म्हणजे खाली उरले २६०. "स्माईलमध्ये कमी कापतात ना?" असं ताईने विचारलं तेव्हा मी हा आकडा तिच्यासमोर ठेवला. चीर लहान असते हे खरं. चकती लहान नसते.

पीआरकेमध्ये पन्नासचा पापुद्रा आणि ८५ चं खरवडणं. खाली ३५५. आणि ते पन्नास तर परत येणार आहेत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा निकाल या एका गोष्टीवर आहे. लॅसिक आणि पीआरके दोन्हींनंतर ताईच्या कॉर्नियाची एकूण जाडी तेवढीच, ४०५ मायक्रॉन, भरणार. मग फरक कुठला? लॅसिकच्या ४०५ पैकी ११० हे झाकण आहे. झाकणाची कड जखमेसारखी जुळून येते, पण मधला भाग खालच्या गाभ्याला पूर्वीसारखा कधीच विणला जात नाही. डोळ्याच्या आतला दाब रात्रंदिवस बाहेर ढकलत असतो आणि तो पेलायचं काम उरलेल्या २९५ वर पडतं. त्यात गाभ्याचे वरचे थर एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, खालचे थर त्या मानाने सैल. म्हणजे झाकणात गेलेला भाग हा गाभ्यातला चांगला भाग. स्माईलची बाजू इथे थोडी उजवी आहे. तिथे वरचे घट्ट थर चिरेपुरतेच कापले जातात, म्हणून १२० चं टोपण थोडाफार भार घेतच राहतं. त्यामुळे २६० हा आकडा लॅसिकच्या २६० इतका वाईट नाही. पण किती कमी वाईट, यावर सर्जनांमध्ये एकमत नाही. माझं मत विचाराल तर ४९० च्या कॉर्नियात उणे सहासाठी तो वाद खेळायची गरज नाही.

उरलेला भाग कमी पडला तर होतं काय? काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी कॉर्निया मधून पुढे फुगायला लागते. नंबर परत येतो, त्यात तिरका सिलिंडर वाढत जातो आणि चष्म्याने नीट दिसत नाही. याला एक्टेशिया म्हणतात. मग रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून क्रॉसलिंकिंग करतात. त्याने फुगणं थांबवता येतं, गेलेला आकार पूर्ण मिळत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाचा सिलिंडर नंबर वाढताना दिसला की "थोडा नंबर आला असेल" म्हणून नुसता चष्मा देऊ नये. आधी नकाशा काढावा.

तर ताईला सर्जनांनी पीआरके सुचवलं. दुसरा पर्याय सांगितला तो कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत लेन्स बसवण्याचा. तो तिने खर्चाचा आकडा ऐकून बाजूला ठेवला. (आरोग्य विम्याचा आधार इथे नाही. साडेसात डायॉप्टरच्या खालच्या नंबराचा खर्च विम्याच्या ठरलेल्या अपवादांत येतो, आणि ही सहावर.)

पीआरके म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, कारण त्याची कीर्ती दुखण्याची. ती कीर्ती खोटी नाही. पहिला दिवस थेंबांच्या जोरावर निघतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पापुद्रा मिटतो, बँडेज लेन्स काढतात आणि दुखणं ओसरतं. नजर मात्र लगेच येत नाही. नवा पापुद्रा मधोमध मिटताना तिथे बारीक रेघ राहते. ती सपाट होईपर्यंत स्क्रीनवरची अक्षरं एक-दोन आठवडे पुसट असतात, आणि पूर्ण स्वच्छ दिसायला एक ते तीन महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात "बिघडलं बहुतेक" म्हणून रडवेले फोन येतात, ते जवळजवळ सगळे पीआरकेवाल्यांचे.

तिने गुरुवारची तारीख घेतली आणि दहा दिवस घरून काम मागून घेतलं. करी रोडच्या गर्दीत पाणावलेल्या डोळ्यांनी लोकल पकडायची नाही, एवढं मी बजावलं.

खरी काळजी त्यानंतरची. खोल खरवडलं की गाभा बरा होताना धुरकट व्रण धरू शकतो. त्याला हेझ म्हणतात. उणे सहासारख्या नंबरात तो टाळायला ऑपरेशनच्या वेळीच मायटोमायसिन हे औषध काही सेकंद लावून धुऊन टाकतात. पुढे काही महिने उन्हात गॉगल सोडायचा नाही, कारण अतिनील किरणांनी हेझ वाढतो. आणि स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत न्यायचे. हे थेंब मनाने बंद केले तर हेझची भीती, मनाने चालू ठेवले तर डोळ्याचा दाब वाढायची. दाब वाढलेला माणसाला कळत नाही, तो मशीनवरच दिसतो. म्हणून "मला छान दिसतंय, मग कशाला येऊ" म्हणणाऱ्यांनाही आम्ही दर महिन्याला बोलावतो. हेझची खूण अशी की आधी स्वच्छ झालेली नजर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात परत धुरकट होते आणि थोडा उणे नंबर परत येतो.

तिच्या तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली होती: कोरडेपणा. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती ओली होते ते बघतात. तिची जेमतेम सात मिलिमीटर भिजली. दिवसभर एसी, समोर स्क्रीन, पापण्या कमी मिटतात. मुंबईची हवा दमट म्हणून डोळे ओले राहतील अशी समजूत असते, पण ऐरोलीच्या सातव्या मजल्यावर मुंबईची हवा पोचते कुठे? कोरड्या डोळ्याचा नंबरही डळमळीत येतो. म्हणून महिनाभर पापण्या शेकणं आणि कृत्रिम अश्रू, मग परत माप, आणि मगच तारीख. कोरडेपणाच्या बाबतीत स्माईल लॅसिकपेक्षा सरस आहे, हे खरंच. कॉर्नियाच्या नसा कडेकडून मध्याकडे येतात. वीस मिलिमीटरच्या कापात त्या बऱ्याच तुटतात, छोट्या चिरेत त्यामानाने कमी. फरक पहिल्या काही महिन्यांत जास्त जाणवतो, पुढे तो कमी होत जातो.

आता धाकटा. नंबर उणे चार, जाडी ५४५. त्याच सूत्राने खरवडणं ५६ च्या आसपास. लॅसिक केलं तर खाली ३७९, स्माईलच्या जाडसर चकतीने ३४५ च्या आगेमागे. कुठल्याही वाटेने जा, गाभा भरपूर.

पण हा चढाई करतो. पकडीत कोपर डोळ्यावर बसतं, बोट पापणीत जातं. लॅसिकचं झाकण पहिल्या काही आठवड्यांत जास्त नाजूक असतं, पण जोराच्या मारानं ते कित्येक वर्षांनीही सरकल्याची उदाहरणं आहेत. सरकलं तर अचानक दुखतं, पाणी येतं, त्या डोळ्याने अंधुक दिसतं. मग "सकाळी बघू" चालत नाही. झाकण त्याच दिवशी सरळ करून बसवलं तर बहुधा निभावतं. उशीर झाला तर सुरकुत्या कायम होतात आणि वरचा पापुद्रा झाकणाखाली शिरू लागतो. असं होणं विरळा, पण कबड्डी, बॉक्सिंग, कुस्ती करणाऱ्याने ते झाकण का बाळगावं? पीआरके आणि स्माईलमध्ये सरकायला झाकणच नाही. सर्जनांनी त्याला दोन्ही मोकळे ठेवले. त्याने स्माईल निवडलं, कारण पीआरकेच्या दुखण्याचं वर्णन ताईला सांगताना त्यानेही ऐकलं होतं.

स्माईलचीही कुरबुर असते. लेझर चालू असताना अर्धा मिनिट मशीन डोळ्याला निर्वाताने धरून ठेवतं. पेशंटने तेवढ्यात डोळा किंवा डोकं हलवलं तर पकड सुटते आणि काप अर्धवट राहतो. मग किती झालं होतं त्यावर पुढचं ठरतं: लगेच परत सुरू करायचं, लॅसिक करायचं की थांबून काही महिन्यांनी पीआरके. म्हणून त्याला मी खुर्चीवर बसवून हिरव्या दिव्याकडे तीस सेकंद बघायची सवय करून घेतली. चढाईतली तीस सेकंद दम न सोडता काढणाऱ्याला हे सोपं गेलं. दुसरी अडचण सर्जनच्या हाताची: चकतीचा वरचा काप आधी मोकळा करायचा असतो. चुकून खालचा आधी सुटला तर चकती वर टोपणाला चिकटून बसते आणि शोधत बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी नजर लॅसिकइतकी चकचकीत नसते, दोन-चार दिवस धुकं राहतं. नंबर थोडा उरला तर लॅसिकसारखं झाकण उचलून दुरुस्ती होत नाही, बहुतेक वेळा वरून पीआरकेच करावं लागतं.

या धाकट्याच्या बाबतीत माझा जीव खरा अडकला होता नकाशात. लहानपणी त्याला ॲलर्जी होती आणि तो डोळे चोळायचा. आईने आपणहून सांगितलं म्हणून कळलं. सतत चोळणाऱ्यांत केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया आपोआप शंकूसारखी पुढे येण्याचा आजार, जास्त दिसतो. त्याची सुरुवात जाडीच्या आकड्यात दिसेलच असं नाही. ५४५ च्या कॉर्नियातही तो लपलेला असू शकतो. आधी मागच्या पृष्ठभागावर छोटा उंचवटा दिसतो, किंवा सगळ्यात पातळ जागा मध्यापासून खाली सरकलेली. असा संशय आला तर लॅसिकही नाही आणि स्माईलही नाही, सहा-आठ महिन्यांनी परत नकाशा. त्याचा नकाशा दोन्ही डोळ्यांचा सरळ निघाला. नसता निघाला, तर ५४५ हा आकडा कागदावर तसाच राहिला असता.

हे वाचून लॅसिक मागे पडलं असं वाटेल, म्हणून एक उदाहरण. त्याच आठवड्यात परळच्या एका शाळेतल्या शिक्षिका आल्या होत्या. अधिक अडीच नंबर, जाडी ५५०. अधिक नंबरात कॉर्निया मधे फुगीर करायची असते, म्हणून कडेचा गाभा कमी करतात. स्माईल प्रामुख्याने उणे नंबराचं काम आहे, आणि पीआरकेने अधिक नंबर काढला तर नजर बसायला फार वेळ लागतो. त्यांना सोमवारी वर्गात उभं राहायचं होतं. कॉर्निया जाड, मैदानी खेळ नाही. त्यांना लॅसिक. ज्यांचा सिलिंडर मोठा किंवा वेडावाकडा आहे त्यांनाही पुष्कळदा एक्सायमरच बरा, कारण तो डोळा फिरला तर त्याच्यामागे फिरतो.

सरकारी भरतीचे फॉर्म भरणाऱ्यांनी तारीख घेण्याआधी वैद्यकीय अटी वाचाव्यात. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत लॅसिक किंवा नंबर घालवायचं दुसरं कुठलंही ऑपरेशन झालेला उमेदवार अपात्र ठरतो. तिथे टाका नाही, झाकण नाही हे सांगून उपयोग होत नाही.

धाकट्याचं ऑपरेशन गणपतीनंतर झालं. गुलाल आणि विसर्जनाचं पाणी आधी उरकून घ्या म्हणून आम्हीच सांगितलं होतं. ताईची तारीख कोरडेपणाच्या उपचारामुळे दिवाळीपलीकडे गेली. दोघांचे थेंब वेगवेगळे, वेळापत्रकंही वेगळी. आईने फ्रिजच्या दारावर दोन कागद चिकटवलेत, एकावर स्केचपेनने "झाकण नाही" आणि दुसऱ्यावर "गॉगल" असं लिहून.